९४ वर ऑल आउट, आता बोलिंग. मधल्या वेळेत मुलांशी नेमकं काय बोलावं?

बाराव्वा_गडी (धागाकर्ता)

१४ वर्षांखालची शाळेची टीम. २५ ओव्हर्सची मॅच, एका बोलरला जास्तीत जास्त ५ ओव्हर्स. पहिली बॅटिंग आपली आणि २१.३ ओव्हर्समध्ये ९४ वर सगळे आउट. आता १५ मिनिटांनी फिल्डिंगला उतरायचंय. अशा वेळी माझं ठरलेलं भाषण असतं, ते जसंच्या तसं देतो :

"मान खाली घालायची नाही! मॅच अजून संपलेली नाही. कॅचेस विन मॅचेस, विसरू नका. एकेका रनसाठी जीव तोडून पळा. दबाव आपल्यावर नाही, त्यांच्यावर आहे. शंभर नाही, दोनशे टक्के द्या. वाघासारखे तुटून पडा! आहे का हिंमत?"

मुलं "हो सर" म्हणून ओरडतात, गोल करून हात एकमेकांवर ठेवतात, आणि पहिल्या ओव्हरला लेगला तीन वाइड पडतात. या भाषणाचं साध्या बोलण्यात रूपांतर करून हवंय. जाणकारांनी वाक्यं सुचवावीत, उपदेश नको.

---

ऑफस्टंप

भाषण नंतर लिहू. आधी स्कोअरशीट सांगा. दहा विकेट कशा पडल्या आणि समोरच्यांनी वाइड किती दिले, एवढंच.

---

बाराव्वा_गडी

बोल्ड ४, एलबीडब्ल्यू २, मिडविकेटला कॅच २, रन आउट २. वाइड ९. बोल्ड झालेल्या चारपैकी तीन बॉल खाली राहिले असं मुलं सांगतात.

---

सिक्सर_सम्राट

एवढं खोलात कशाला? मुलांना जोश लागतो. १९८३ च्या फायनलमध्ये आपण १८३ वरच आउट झालो होतो ना? तिथे कोणी स्कोअरशीट वाचून दाखवली असेल का?

---

ऑफस्टंप

१९८३ चंच घेऊ. ती मॅच ६० ओव्हर्सची होती आणि वेस्ट इंडीज १४० वर आउट झाले. विकेट घेणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते मदनलाल आणि मोहिंदर अमरनाथ, तीन-तीन विकेट. अमरनाथ ७ ओव्हर्समध्ये १२ रन देऊन ३. त्यांचा वेग बेताचाच होता, पण बॉल स्टंपात. शेवटची विकेटसुद्धा एलबीडब्ल्यूच. जोश असेलच, पण बॉल कुठे टाकायचा हे ठरलेलं होतं म्हणून तो कामी आला.

आता धाग्यातली मॅच. तुमच्या दहापैकी सहा विकेट स्टंपात आलेल्या बॉलवर गेल्या आणि बॉल खाली राहतोय. म्हणजे आज पिच कसं आहे याचा सगळ्यात खात्रीचा अहवाल तुमच्याच बॅटिंगने दिलाय. आपण कसे हरतोय, याच्याच आत समोरच्यांना कसं आउट करायचं ते लिहिलेलं आहे. भाषणात पहिलं वाक्य हेच यायला हवं. "मान खाली घालू नका" म्हटलं की मुलाला फक्त एवढं कळतं की सरांना आपली मान खाली दिसली.

बाकी घोषणांकडे बघा. त्यातल्या किती मैदानावर उतरल्यावर करता येतात? "एकेका रनसाठी पळा" हे करता येतं, पण कोणी कुठून कुठे पळायचं ते त्यात नाही. "कॅचेस" हे बरोबर आहे, पण कॅच सोडायचं कोणीच ठरवत नाही, त्यामुळे ते ऐकून पोराचे हात अजून कडक होतात. "दबाव त्यांच्यावर आहे" हे तर चक्क खोटं आहे आणि १३ वर्षांच्या मुलाला ते कळतं. ९५ करायचे आहेत, १५० बॉल आहेत.

---

मधली_फळी

सोपं आहे की. ओव्हरला ३.८ च द्यायचे आहेत ना? मग रन वाचवा. पाच-सहा जण बाउंड्रीवर पाठवा, चौकार बंद. रेट वाढत गेला की ती पोरं आपोआप उचलून मारतील आणि आउट होतील. आणि वाइड टाळा. १२ वाइड दिले तर त्यांना बॅटने ८३ च करायचे राहतात आणि मिळतात २७ ओव्हर्स, म्हणजे रेट तीनवर येतो.

---

गुणलेखक

वाइडचा हिशेब थोडा चुकला. वाइडच्या बदल्यात बॉल पुन्हा टाकावा लागतो, पण त्या वाइडवर बॅटने रन होत नाहीत. बॅटने करायला त्यांच्याकडे १५० बॉलच राहतात. तेव्हा ८३ भागिले २५, म्हणजे ओव्हरला ३.३२. बोलरला मात्र दोन ओव्हर्सएवढे जास्तीचे बॉल टाकावे लागतात हे खरं.

---

ऑफस्टंप

मधली_फळी, वाइडचं बरोबर धरलंत, फिल्डिंगचं नाही. रेट वाढेल म्हणता, किती वाढतो ते बघा. समजा आपण फारच चांगली बोलिंग केली आणि १० ओव्हर्समध्ये २८ च दिले. उरले ६७ रन, १५ ओव्हर्स. रेट झाला साडेचारच्या आत. ३.८ वरून निघून दहा ओव्हर्स घाम गाळल्यावर एवढंच. त्यात पाच-सहा फिल्डर लांब पाठवले तर नुसता ढकललेला बॉलसुद्धा एक रन आहे. ओव्हरला चार एकेरी काढून ते एकही धोका न घेता जिंकतील.

म्हणून २८ रन हा आकडा तेवढा महत्त्वाचा नाही. १० ओव्हर्सना २८ वर १ असेल तर मॅच त्यांची आहे, २८ वर ४ असेल तर मॅच उघडी आहे, कारण या वयात सहाव्या-सातव्या नंबरपासूनच शेपूट सुरू होतं. ९४ वाचवायचे म्हणजे दहा विकेट काढायच्या. रन वाचवणं हे त्याचं साधन.

ते साधन असं चालतं. एकेरी बंद करायची आणि डोक्यावरून मारायला जागा मोकळी ठेवायची. स्ट्राइक बदलता आली नाही की या वयाचा बॅट्समन चौथ्या-पाचव्या बॉलला आडव्या बॅटने मिडविकेटकडे मारायला जातो. बॉल खाली राहिला तर बोल्ड, वर आला तर कॅच. तुमचे दोघे तिथेच कॅच झालेत.

---

मधली_फळी

पटलं, पण अर्धंच. १३-१४ वर्षांच्या मुलांना रेट कळत नाही म्हणूनच तर दोन मेडन पडल्या की त्यांचे पालक आणि सर बाहेरून ओरडायला लागतात आणि ते मारायला जातात. घाबरायला रेट खरंच वाढायला लागत नाही.

---

ऑफस्टंप

मान्य. ते होतंच. पण मेडन पडायलाही आधी एकेरी थांबायला हवी, म्हणून फिल्डर आतच लागतील.

---

पॅड_बांधून_तयार

आमच्या १६ वर्षांखालच्या टीमला उद्या पाठलाग करायचाय, साधारण ३० ओव्हर्समध्ये १८० होतील असं मैदान आहे. हेच भाषण चालेल का? त्यात पहिल्या जोडीला काय सांगू?

---

थर्डमॅन

नाही चालणार. इथे बोलिंगचं बोलणं चाललंय. पाठलाग असेल तर अकरा जणांपुढे भाषणच लागत नाही. पहिल्या दोघांना आणि तिसऱ्या नंबरला बाजूला घेऊन १० ओव्हर्सना किती रन आणि किती विकेट हातात हव्यात एवढं ठरवा, बाकीच्यांना पाणी पिऊ द्या. नवीन धागा काढा, तिथे बोलू.

मूळ मुद्द्यावर. पंधरा मिनिटं दिसतात तेवढी नसतात. शेवटची जोडी पॅड काढणार, त्यातला एक कीपर असेल तर तो लगेच दुसरे पॅड बांधणार. ओपनिंग बोलर्सना हात मोकळे करायला निदान पाच-सहा मिनिटं लागतात. ती दिली नाहीत तर पहिली ओव्हर म्हणजेच वॉर्म-अप होतो आणि ते तीन वाइड तिथून येतात. तेव्हा बाराव्वा_गडी, तुमच्या लेगच्या वाइडचं कारण भाषणात कमी आणि घड्याळात जास्त असावं.

मी वेळ अशी वाटतो. पहिली तीन-चार मिनिटं कोणीही काही बोलायचं नाही. पाणी, पॅड, तोंड धुणं. आउट झालेल्या मुलाला त्या वेळी काहीही सांगा, ते आत जात नाही. तेवढ्यात सरांनी गुणलेखकाकडे जाऊन विकेट आणि वाइड बघून यायचं. मग सगळ्यांशी दोन मिनिटं, घड्याळ लावून. उरलेली आठ-नऊ मिनिटं बोलर आणि कीपर मैदानावर, बाकीचे जोडीने कॅच आणि थ्रो.

दोन मिनिटांत तीनच गोष्टी बसतात. बॉल कुठे, फिल्डर कुठे, बॉल मारल्यावर कोण काय करणार. बॅटिंगबद्दल एक शब्द नाही. रन आउट कोणामुळे झाला, तो शॉट का मारला, हे पुढच्या सरावाला. आता त्यातलं काहीच करता येणार नाही आणि ज्याच्याबद्दल बोलाल तोच पहिल्या ओव्हरला पॉइंटला उभा असणार.

---

खडू_आणि_शिट्टी

मी शाळेत खेळाच्या तासाला शिकवते, म्हणून वाक्यांबद्दल लिहिते. "वाइड टाकू नका" हे सांगू नका. मुलाच्या डोक्यात त्यातला वाइडच राहतो आणि तो बॉल हळू सोडायला लागतो. जागा सांगा. सरावात जिथे शंकू ठेवता ती जागा मुलाला पायांनी मोजून माहीत असते. या वयाच्या मध्यम वेगाच्या बोलरला बॅट्समनच्या क्रीजपासून मुलाची पाच पावलं पुढे, ऑफ स्टंपच्या रेषेत. मोठ्यांच्या लेंथपेक्षा ही पुढची जागा आहे, कारण वेग कमी असतो आणि मागे टाकलेला बॉल थांबून येतो. आज बॉल खाली राहतोय म्हणजे पुढे टाकायला अजून एक कारण.

तसंच "मनगट असं ठेव, खांदा तसा फिरव" हे मधल्या वेळेत अजिबात नको. शरीराकडे लक्ष गेलं की जमणारी गोष्टही बिघडते. लक्ष बाहेर पाहिजे, त्या जागेवर.

आणि सांगून झालं की "कळलं का?" विचारू नका. त्याला उत्तर "हो सर" हेच असतं. "तू कुठे टाकणार?" विचारा. उत्तर चुकलं तर निदान आपल्याला कळतं.

---

सिक्सर_सम्राट

म्हणजे तुम्ही सगळे मिळून रेल्वेची घोषणा तयार करताय. "गाडी प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येत आहे." मुलं झोपतील.

---

थर्डमॅन

हा हा. आवाज चढवायला कोणी बंदी घातलेली नाही. "पाच पावलं पुढे, ऑफ स्टंपला!" हेही ओरडून सांगता येतं.

---

बाराव्वा_गडी

फिल्ड कशी लावू ते कोणी सांगेल का? उजव्या हाताच्या बॅट्समनला, मध्यम वेगाच्या बोलरला.

---

ऑफस्टंप

बोलर आणि कीपर सोडून नऊ. पॉइंट, कव्हर, मिड ऑफ, मिड ऑन, मिडविकेट, स्क्वेअर लेग, हे सहा जण आत, एकेरी थांबवायला. एक स्लिप. राहिले दोन, फाइन लेग आणि थर्ड मॅन. शाळेच्या मॅचमध्ये निम्मे चौकार बॅटची कड लागून मागेच जातात असं वाटावं इतके जातात, म्हणून हे दोघं ठेवा.

सहा जणांनी किती आत यायचं, याचं माप पावलांत सांगू नये. मैदान आणि पोरांचे हात वेगवेगळे असतात. खूण सांगा : बॅट्समनने नुसता अडवलेला बॉल सरळ तुझ्याकडे आला आणि तरीही एक रन आरामात निघाला, तर तू लांब आहेस, चार पावलं आत ये. कॅप्टनने बोलायची वाट बघायची नाही. मुलं हळूहळू मागे सरकत जातात, विशेषतः एखादा जोरात फटका जवळून गेल्यावर. चौथ्या-पाचव्या ओव्हरला वर्तुळ मोठं झालेलं असतं आणि कोणालाच कळत नाही की एकेरी का सुटायला लागल्या. कीपरला सगळे समोर दिसतात, तेव्हा दर ओव्हर संपली की वर्तुळ बघायचं काम त्याचं.

दुसरी गोष्ट पायांची. बोलर धावायला लागला की दोन-तीन पावलं आत चालायचं, पण बॅटला बॉल लागतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर हवेत. एक पाय हवेत असला की बाजूला जाणारा बॉल सुटतो.

---

थर्डमॅन

बॅकअपही घाला. ओव्हरथ्रो हा ९४ वाचवताना सगळ्यात महाग रन. नियम एकच सांगायचा : थ्रो ज्या बाजूने येतो त्याच्या समोरचा फिल्डर स्टंपांच्या मागे जातो. कव्हरने बोलरकडे फेकला तर मिड ऑन मागे. कव्हरने कीपरकडे फेकला तर स्क्वेअर लेग. आणि स्टंपापासून निदान आठ-दहा पावलं मागे उभं राहायचं. अगदी जवळ उभा राहिला तर कीपरने सोडलेला बॉल त्यालाही सापडत नाही.

स्लिपबद्दल मात्र असहमत. या वयात स्लिपला दहातले किती कॅच घेतले जातात? पिच खाली राहतंय, कड लागलेला बॉल स्लिपपर्यंत टप्पा पडूनच येणार. तो माणूस मी शॉर्ट मिडविकेटला ठेवेन, तिथे त्यांची चूक होणार आहे.

---

ऑफस्टंप

नवीन बॅट्समनला पहिले सहा बॉल तरी स्लिप ठेवा. नंतर तुमचं चालेल. स्लिप दिसली की तो बाहेरच्या बॉलला बॅट घालायला बिचकतो, तेवढा फायदा कॅच न घेताही होतो.

---

थर्डमॅन

किंवा बिचकत नाही आणि तिथूनच चार मिळवतो. असो.

---

ऑफस्टंप

आता भाषण. मी असं करीन. नावं तुमची घाला, नावाने बोललेलंच मुलांना आपलं वाटतं.

"बसा. दोन मिनिटं, मग मैदानावर. आपले ९४ झालेत. कमी झालेत, मलाही माहीत आहे. बॅटिंगचं सरावाला बघू, आता नाही.

आपल्या सहा विकेट स्टंपात आलेल्या बॉलवर गेल्या. बॉल खाली राहतोय. तो त्यांनाही खाली राहणार आहे. म्हणून आज सगळे बोलर एकच करणार. शंकूची जागा, ऑफ स्टंप. तू कुठे टाकणार? आणि तू? बरोबर. चौकार बसला तरी पुढचा बॉल तिथेच.

फिल्डिंगला सहा जण आत. एकेरी द्यायची नाही. डोक्यावरून मारला तर मारू दे, तो फटका मला हवाच आहे. अडवलेल्या बॉलवर आरामात एक निघाला तर तूच चार पावलं आत ये. कीपर, दर ओव्हरनंतर वर्तुळ बघायचं आणि नावाने हाक मारायची.

थ्रो आला की समोरचा मागे जातो. कव्हरने बोलरकडे फेकला, कोण जाणार? मिड ऑन, बरोबर.

कॅच सुटेल एखादा. सुटला की बॉल उचलून कीपरकडे, आणि आपल्या जागेवर. सुटलेल्या कॅचवर कोणी बोलायचं नाही, मीही बोलणार नाही.

पहिल्या दहा ओव्हर्समध्ये आपल्याला चार विकेट हव्या आहेत. कॅप्टन, तीन गोष्टी सांग बघू. ठीक. बोलर आणि कीपर माझ्याबरोबर, बाकीचे जोडीने कॅच."

---

खडू_आणि_शिट्टी

"चार विकेट हव्या आहेत" काढा. तो परिणाम आहे, करायची गोष्ट नाही. दहाव्या ओव्हरला एकच विकेट पडलेली असली की मुलं स्वतःच मॅच सोडून देतील. हा आकडा कॅप्टन आणि कीपरलाच सांगा, म्हणजे बोलिंग कधी बदलायची ते त्यांना कळेल.

---

ऑफस्टंप

कॅप्टनला वेगळं सांगायला हरकत नाही. पण सगळ्यांपासून लपवू नये असं माझं मत. मुलांना कळत असतं की आपण हरतोय. किती झालं म्हणजे मॅच उघडी, हे माहीत असलं तर ती दहाव्या ओव्हरपर्यंत तरी खेळतील.

---

गुणलेखक

बोलिंगचा क्रम राहिला. पाच बोलर, प्रत्येकी ५. सगळ्यात चांगला बोलर शेवटासाठी राखायची सवय इथे चालणार नाही, कारण शेवट येईल याची खात्री नाही. त्याच्या चार ओव्हर्स सुरुवातीलाच सलग आणि एक राखून. पाचवा, कच्चा बोलर हा खरा प्रश्न. त्याला टाळून टाळून विसाव्या ओव्हरला आणलं की तो एकाच ओव्हरमध्ये मॅच देऊन जातो.

---

मधली_फळी

नवीन बॅट्समन आला की लगेच द्यावा त्याला. जमलेल्या बॅट्समनसमोर नको.

---

गुणलेखक

पण मग विकेट काढणारा बोलर लय सापडलेली असताना थांबवायचा? मला पटत नाही. दुसऱ्या टोकाने द्यावा फार तर.

---

बाराव्वा_गडी

खूप उपयोगी. एक अडचण. माझा ओपनिंग बोलरच शून्यावर रन आउट झालाय, तोही पार्टनरच्या चुकीने. तो कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला काय सांगू?

---

खडू_आणि_शिट्टी

समजूत घालू नका. त्याच्या हातात बॉल द्या आणि कीपरला त्याच्यासमोर उभं करा. पहिले सहा बॉल निम्म्या वेगाने, शंकूच्या जागेवर. दोन-तीन टप्प्यात पडले की तो बोलायला लागतो. त्या पार्टनरला मात्र मिड ऑनला ठेवा, प्रत्येक बॉल बोलरला तोच परत देईल. बोलणं आपोआप सुरू होतं.

---

थर्डमॅन

आणि ड्रिंक्सला पुन्हा भाषण नको. पाणी घेऊन जाणाऱ्या मुलाबरोबर एकच निरोप पाठवा, तोही कॅप्टनसाठी. बहुतेक वेळा तो निरोप "वर्तुळ मोठं झालंय" हाच असतो.